वडिलांचे मृत्युपत्र अचानक समोर आले, तर?

कल्याण-डोंबिवलीत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की अनेक घरांत वारसांचा वाद उभा राहतो. आपल्यातील बऱ्याच जणांना वाटते की बौद्धांना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही. तो लागू आहे. 1956 च्या या कायद्याच्या कलम 2 मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे आम्ही एक काल्पनिक उदाहरण घेऊन हा विषय समजावून सांगत आहोत.

समजा, कल्याण पूर्वेला वडिलांनी स्वकमाईने घेतलेली खोली आहे. ते वारले. मागे त्यांची आई, पत्नी, दोन मुलगे आणि विवाहित मुलगी आहे. मृत्युपत्र नसेल तर खोलीचे पाच समान हिस्से होतात. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही आणि आजीचा हिस्साही विसरता येत नाही.

तीन वर्षांनी थोरला मुलगा मृत्युपत्र काढतो. सगळी खोली त्याच्या नावावर. तारीख वडील रुग्णालयात असतानाची, साक्षीदार दोघेही त्याचे मित्र आणि कागद तयार करायला धावपळ त्यानेच केलेली. पत्नीला का वगळले, याचा एक शब्दही नाही.

अशा वेळी बहिणीला वाटते, सही खोटी आहे हे आपल्यालाच सिद्ध करावे लागेल. तसे नाही. मृत्युपत्र खरे आहे हे ते पुढे करणाऱ्याने सिद्ध करायचे असते. व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परिस्थिती संशयास्पद असेल, तर तो संशयही त्यानेच दूर केला पाहिजे. मात्र फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असा आरोप केला, तर तो आरोप करणाऱ्याला सिद्ध करावा लागतो. नुसते मुलीला वगळले म्हणूनही मृत्युपत्र रद्द होत नाही. सगळ्या गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. नोंदणी झालेली असली तरी संशय आपोआप मिटत नाही.

दुसरी कसोटी साक्षीदारांची. किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेले असावे किंवा सही आपलीच असल्याचे त्यांच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि मग त्यांच्यासमोर स्वतः सही केलेली असावी. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या खटल्यात एकच साक्षीदार तपासला गेला. दुसऱ्याने सही कशी केली हे त्याच्या जबाबातून सिद्ध झाले नाही आणि दुसरा हयात असूनही त्याला बोलावले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते मृत्युपत्र सिद्ध झाले नाही असे ठरवले.

म्हणून आमच्या उदाहरणातील बहिणीने आधी मृत्युपत्राची प्रत मागावी; ते नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करावी. त्या तारखेचे रुग्णालयाचे कागद मिळवावेत. सोसायटीला आणि विकासकाला लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. मग वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावावा आणि खोलीच्या हस्तांतरणावर मनाई मागावी. तोपर्यंत हक्कसोडपत्रावर सही करू नये. मृत्युपत्र टिकले नाही, तर पुन्हा तेच पाच समान हिस्से लागू होतात.