तारकर्लीतल्या दोन खोल्यांचे गणित

मालवण-तारकर्ली भागात घरगुती निवासाचे वर्ष सारखे भरत नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना यांत खोली मिळत नाही. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या की अंगण ओस पडते. म्हणून दर मे महिन्याकडे पाहून नव्हे, वर्षाचा हिशेब करून ठरवावा लागतो.

समजा, दोन खोल्या मिळून वर्षात २०० रात्री भरल्या. रंगरंगोटी, दुरुस्ती, कामवालीचा पगार असा ठरलेला खर्च १,२०,००० रुपये, म्हणजे रात्रीला ६००. चादरी धुणे, चहा-न्याहारी यांचे आणखी ४००. त्यामुळे हजार रुपये मिळाले तर नुकसान नाही, इतकेच. बुकिंगच्या संकेतस्थळाने १५ टक्के कापले, तर २,००० च्या खोलीचे १,७०० हाती येतात आणि ७०० उरतात. जुलैत तीच खोली १,२०० ला देणे तोट्याचे वाटते, पण तसे नसते. कमिशन आणि चारशे वजा जाता ६२० रुपये ठरलेल्या खर्चाला लागतात. रिकाम्या खोलीतून काहीच लागत नाही.

जाहिरातीत समुद्राचे फोटो सगळेच टाकतात. पाहुणा शोधतो तो न्हाणीघराचा फोटो, आणि गाडी दारापर्यंत येते का, हे. जेवणाबाबतही आधीच स्पष्ट लिहिलेले बरे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा ताज्या सुरमईचा शब्द देणारा यजमान वाईट अभिप्राय ओढवून घेतो. एरवीही मासळीची थाळी खोलीच्या दरात न धरता बाजारभावाने वेगळी लावणेच शहाणपणाचे.