डब्याचा दर वाढवताना

घरगुती डबा पुरवणाऱ्या बाईंना दरवाढ कळवायची असेल, तर चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत आकडा हवा: ‘१ जूनपासून महिन्याचा डबा ३,००० ऐवजी ३,३०० रुपयांना मिळेल.’ मग एका वाक्यात कारण: ‘तेल महागलं आहे आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा पगार वाढवला आहे.’ चार पोळ्या, भाजी, वरण-भात तेवढंच राहील, हेही लिहावं. जूनचे पैसे आधीच भरलेल्यांना जुनाच दर लागेल, हे लिहायचं राहून जातं आणि वाद तिथेच होतो. ‘नाइलाजाने’, ‘क्षमस्व’ नको. रास्त दराला माफी जोडली की घासाघीस सुरू होते. चिठ्ठी पंधरा दिवस आधी द्यावी, म्हणजे ज्याला परवडणार नाही त्याला दुसरी सोय बघता येते.