डोक्यावर किती आभाळ?

माहीत आहे का? अमेरिकन व्हिसाच्या फोटोत डोक्यावर किती जागा सोडायची, याचा आकडा त्यांच्या मापांत नाहीच! मापं फक्त दोन. हनुवटीपासून केसांच्या टोकापर्यंतचं डोकं फोटोच्या उंचीच्या 50 ते 69 टक्के हवं. आणि डोळे खालच्या कडेपासून 56 ते 69 टक्क्यांवर हवेत. ही दोन जुळवली की वरची हेडरूम आपोआप ठरते.

आता धमाल बघा! दोन्ही मापं कमाल घेतली, डोकंही 69 आणि डोळेही 69, तर काय होईल? डोळे साधारण डोक्याच्या मधोमध असतात (आरशात मोजा, वाटतं त्याहून बरेच खाली निघतील). म्हणजे डोळ्यांच्या वर साडेचौतीस टक्के डोकं उरलं. 69 अधिक 34.5 म्हणजे 103.5! दोन्ही आकडे नियमात, पण शेंडी फ्रेमच्या बाहेर.

याच्या उलट टोकाला, डोकं 50 आणि डोळे 56 ठेवले, तर डोक्यावर तब्बल 19 टक्के मोकळं आभाळ! नियमात बसतं, पण चेहरा बिचारा खाली सरकलेला दिसतो. म्हणून माझा लाडका फॉर्म्युला: साठ-साठ. डोकं 60 टक्के, डोळेही 60 टक्क्यांवर. दोन्हीकडे चुकायला थोडी थोडी मुभा राहते.

चला, कात्री चालवू! फोनवर काढलेला 3024 बाय 4032 पिक्सेलचा उभा फोटो पेंटमध्ये उघडा. कर्सर नेऊन ठेवला की खालच्या पट्टीत आकडे दिसतात. दुसरा आकडा म्हणजे वरच्या कडेपासूनचं अंतर, आपल्याला तोच हवा. समजा केसांचं टोक 900 वर, डोळे 1520 वर, हनुवटी 2100 वर. डोकं झालं 1200 पिक्सेल. 1200 हे 60 टक्के, तर चौकोनाची बाजू 2000.

डोळे खालून 60 टक्क्यांवर, म्हणजे वरून 40 टक्क्यांवर, म्हणजे 800 पिक्सेल खाली. 1520 मधून 800 गेले, उरले 720. क्रॉपची वरची कड तिथे, खालची 2720 वर. केस 900 ला सुरू होतात, म्हणून हेडरूम 180 पिक्सेल, म्हणजे 9 टक्के. दोन इंची प्रिंटवर जेमतेम साडेचार मिलिमीटर! बाजूंना नाक मधोमध ठेवा, मग चौकोन 600 बाय 600 करा. फाइल 240 केबीच्या आत, जेपीईजी. झालं!

माहीत आहे का, एकाच माणसाची डोकी दोन असतात? अमेरिका केसांसकट मोजते. कॅनडा मोजतो कवटीच्या माथ्यापर्यंत, केसांचा फुगवटा सोडून! त्यांच्या 50 बाय 70 मिलिमीटरच्या फोटोत हनुवटी ते माथा 31 ते 36 मिलिमीटर लागतं. उंच अंबाडा असेल तर हा फरक चांगलाच मोठा होतो. एका देशासाठी क्रॉप केलेला फोटो दुसऱ्याला तसाच चिकटवू नका. मूळ फोटो जपून ठेवा, क्रॉप दर वेळी नवा!

मूळ फोटोतच केस वरच्या कडेला टेकले असतील तर? क्रॉप जागा कापू शकतो, उगवू शकत नाही. वर पांढरी पट्टी जोडणं हा फेरफार झाला, आणि फेरफार केलेला फोटो अमेरिकेला चालत नाही. भिंतीची छटा आणि पट्टीची छटा जुळत नाही, तिथेच सांधा उघडा पडतो. सरळ पुन्हा क्लिक करा, या वेळी जरा मागे सरकून. घाबरू नका, पिक्सेल पुरतात! 600 च्या चौकोनात डोकं फक्त 360 पिक्सेलचं असतं. 4032 उंचीच्या फोटोत डोकं एक-दशांश आलं तरी भागतं!

फ्लॅशबॅक! 1880 च्या दशकात पॅरिस पोलिसांतल्या आल्फाँस बर्तियोंनं कैद्यांच्या फोटोंना ठरावीक प्रमाण लावलं: खऱ्या डोक्याच्या एक-सप्तमांश. कोणतेही दोन चेहरे शेजारी ठेवून ताडून पाहता यावेत म्हणून!

आणि सगळ्यात चोरटी चूक: 35 बाय 45 चा तयार पासपोर्ट फोटो ताणून चौकोनी करणं. चेहरा जवळपास 29 टक्क्यांनी रुंद होतो! ओळखायचं कसं? झूम करून बुबुळ बघा. आडवं, अंड्यासारखं दिसलं तर फोटो ताणलेला आहे. मूळ फाइल उघडा, क्रॉपचं प्रमाण 1:1 वर लॉक करा आणि पुन्हा कापा.