लोणंदला ठरवू

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेनं पुण्यातल्या धाकट्या बहिणीला पत्र लिहिलं: यंदा माउलींच्या पालखीबरोबर दोघींनी आळंदी ते पंढरपूर चालायचं. भक्तीवर फारसं काही लिहिलेलं नाही, कारण ती दोघींच्याही घरात आहेच. बाईंनी लिहिलं ते पैशाचं, पायांचं आणि बहिणीच्या साखरेचं. वयाच्या साठीनंतर वारीला निघणाऱ्या कुणालाही उपयोगी पडावं असं हे पत्र आहे.

धाकटीला मधुमेह आहे, उजवा गुडघाही कुरकुरतो. म्हणून ताईंनी वाटेत थांबण्याची एक जागा आधीच ठरवून टाकली. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असे मुक्काम करत पालखी पुढे सरकते. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी पुणे-मिरज लोहमार्गावरची स्टेशनं आहेत. म्हणजे तिथवर कुठंही पाय बोलू लागले, तर गाडीनं परतता येतं. लोणंदहून वारी या मार्गाला सोडून फलटणच्या दिशेला वळते. ‘लोणंदला ठरवू,’ असं ताईंनी लिहिलं आहे, ‘तिथून परतलीस तर वारी मोडली असं मी म्हणणार नाही.’

खर्चाचा हिशोब त्यांनी माणशी मांडला. त्यांच्या ओळखीच्या दिंडीची भिशी तीन हजार रुपये आहे. त्यात दोन वेळचं जेवण, चहा, तंबूतली जागा, पाण्याचा टँकर आणि सामानाचा ट्रक आला. बूट आणि मोजे अठराशे. रेनकोट आणि औषधं बाराशे. वाटेतल्या चहापाण्याला दिवसाला शंभर धरले, तर अठरा दिवसांचे अठराशे. अडीअडचणीला दोन हजार वेगळे ठेवायचे. पंढरपूरहून परतायला एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. सगळं मिळून दहा हजारांच्या आसपास जातं. मधेच परतलं तर भिशी परत मिळते का, हे मात्र दिंडीप्रमुखांना पैसे भरण्याआधीच विचारायचं.

खरा कस लागतो तो पुणे ते सासवड या टप्प्यात. सुमारे तीस किलोमीटरची चाल, त्यात दिवे घाट. शिवाय ही वाटचाल सहसा एकादशीला येते, त्यामुळे बहुतेक वारकरी उपवास करतात. साखर कमी करणारी काही औषधं घेऊन, उपाशीपोटी दिवसभर चाललं तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. गर्दीत ते थकव्यासारखंच दिसतं, म्हणून सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवायला हवं. ताईंनी बहिणीला स्पष्ट लिहिलं: डॉक्टरांना विचारून त्या दिवशीच्या गोळ्या ठरव, खिशात साखर ठेव आणि उपवास करू नकोस.

पायांबद्दल तर पत्राचं अख्खं पान आहे. मोजे पावसानं भिजले की कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना मंदावते, त्यामुळे फोड दुखतच नाही आणि चालणं चालू राहतं. म्हणून रोज मुक्कामाला गेल्यावर दोघींनी एकमेकींचे तळवे बॅटरीच्या उजेडात बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. लाल चट्टा दिसला तर तिथंच पट्टी लावायची. फोड फोडायचा नाही. जखम दिसली तर वैद्यकीय पथकाकडे जायचं, आणि दुसऱ्या दिवशी चालणं बंद.

बायकांची आणखी एक अडचण फारशी कुणी उघड बोलत नाही. मुक्कामाच्या गावी फिरती स्वच्छतागृहं असतात, पण पहाटे तिथं रांगा लागतात, आणि मधल्या रस्त्यावर आडोसा मिळेलच असं नाही. या धास्तीनं बायका पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते. ताईंचा उपाय असा, की पहाटे तीनला उठायचं म्हणजे रांग लहान असते, आणि दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहायचं. इथं त्यांनी शब्द राखून ठेवले नाहीत, ते बरंच झालं.

सराव तीन महिने आधी सुरू करायचा, रोज चार किलोमीटरपासून. पण एखाद्या रविवारी वीस किलोमीटर चालता आलं म्हणजे तयारी झाली, असं ताई मानत नाहीत. वारीत काल थकलेले पाय आज पुन्हा चालवावे लागतात. म्हणून परीक्षा अशी: शनिवारी पंधरा, रविवारी पुन्हा पंधरा किलोमीटर. रविवारी सकाळी गुडघा सुजलेला असेल, किंवा उठल्यावर अर्धा तास आखडलेलाच राहिला, तर आळंदीऐवजी वाल्ह्याहून सामील व्हायचं आणि लोणंदपर्यंतच चालायचं.

शेवटी ताईंनी बहिणीकडून दोन गोष्टी मागवल्या: तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा ताजा रिपोर्ट, आणि संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घेतलेलं बुटाचं माप.