पगारवाढ पाच हजारांची, हातात पाचशे कमी

व्यापारी घरात उलाढाल आणि नफा यांतील भेद लहान मुलालाही समजतो. गल्ल्यात पडलेला प्रत्येक रुपया आपला नसतो, हे तेथे कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु त्याच घरातील मुलगा किंवा सून नोकरीस लागली आणि पगारवाढीचे पत्र आले, की हा विवेक क्षणभर बाजूला पडतो. पत्रावरचा आकडा हाच लाभ मानला जातो. स्वारगेटच्या परिसरात, मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क किंवा बिबवेवाडीत, अशी कितीतरी कुटुंबे आज आहेत: एक भाऊ मार्केट यार्डातील पेढीवर, दुसरा खराडी किंवा हिंजवडीच्या कंपनीत. पेढीचा जमाखर्च रोज लिहिला जातो. पगाराचा मात्र क्वचितच कोणी मांडून पाहतो.

तो एकदा मांडून पाहू. समजा, अशाच एका घरातील सूनबाई एका कंपनीच्या लेखाविभागात आहेत. त्यांचे एकूण वेतन दरमहा १,०६,२५० रुपये, म्हणजे वर्षाला बरोबर १२,७५,००० रुपये आहे. त्यातील निम्मे मूळ वेतन आहे आणि भविष्य निर्वाह निधीची कपात पूर्ण मूळ वेतनावर, बारा टक्क्यांनी होते. त्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे आणि वेतनाखेरीज दुसरे उत्पन्न नाही. कंपनीने त्यांना दरमहा ५,००० रुपयांची, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपयांची वाढ दिली. घरात पेढा वाटला गेला. या साठ हजारांतील किती रुपये त्यांच्या हाती पडतील?

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनुसार पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढील चार लाखांवर पाच टक्के, त्यापुढील चार लाखांवर दहा टक्के आणि बारा ते सोळा लाखांच्या टप्प्यावर पंधरा टक्के कर आहे. नोकरदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. ती वजा जाता सूनबाईंचे वाढीपूर्वीचे करपात्र उत्पन्न बारा लाख भरते. त्यावरचा कर टप्प्यांप्रमाणे ६०,००० रुपये होतो, परंतु बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला तेवढीच सूट असल्याने प्रत्यक्षात शून्य. येथपर्यंत सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणूनच ‘पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य घरोघरी रूढ झाले आहे.

गंमत त्या सीमेच्या पलीकडे सुरू होते. बारा लाखांवर एक रुपयाही गेला, की ती सूट उरत नाही आणि साठ हजारांचा पूर्ण कर पुन्हा उभा राहतो. एका रुपयासाठी साठ हजारांचा भुर्दंड पडू नये म्हणून कायद्याने सीमान्त सवलत ठेवली आहे. तिचा अर्थ इतकाच, की बारा लाखांवर जितके उत्पन्न वाढेल, त्याहून अधिक कर घ्यावयाचा नाही. ऐकताना ही मोठी कृपा वाटते. उलट बाजूने पाहिले तर तिचा अर्थ असा होतो, की बारा लाखांवरचा प्रत्येक रुपया, एका मर्यादेपर्यंत, अख्खाच्या अख्खा करात जातो. लोक त्या टप्प्याचा दर पंधरा टक्के समजतात. प्रत्यक्षात तेथे शंभर टक्के दर लागतो. आणि सवलत मोजून झाल्यावर त्या करावर चार टक्के उपकर वेगळा बसतो, म्हणून तो शंभर नव्हे, एकशे चार टक्के ठरतो.

सूनबाईंचे करपात्र उत्पन्न आता १२,६०,००० रुपये झाले. टप्प्यांप्रमाणे कर ६९,००० रुपये आला असता. सीमान्त सवलतीने तो ६०,००० रुपयांवर थांबला. उपकराचे २,४०० मिळून ६२,४०० रुपये. वाढ साठ हजारांची आणि कर बासष्ट हजार चारशे!

आता भविष्य निर्वाह निधी. वाढीतील निम्मी रक्कम मूळ वेतनात गेली, म्हणजे ३०,००० रुपये. त्यावर बारा टक्क्यांनी ३,६०० रुपये निधीत गेले. नव्या करप्रणालीत कर्मचाऱ्याच्या या वर्गणीवर करवजावट नाही, म्हणजे ज्या रकमेवर कर भरला तीच निधीत जाते. कर आणि निधी मिळून ६६,००० रुपये वजा झाले. साठ हजारांच्या वाढीनंतर घरात येणारी रक्कम वर्षाला ६,००० रुपयांनी, दरमहा ५०० रुपयांनी घटली.

मात्र निधीत गेलेली रक्कम करासारखी दुरावत नाही, हा भेद जमाखर्चात राखलाच पाहिजे. कंपनीही तितकेच ३,६०० रुपये आपल्या पदरचे भरते. कंपनीच्या हिश्श्यातून निवृत्तिवेतन योजनेकडे जाणारी रक्कम पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर मोजली जाते, ती दरमहा १,२५० रुपयांपुढे वाढत नाही. त्यामुळे वाढीवरचा कंपनीचा पूर्ण नवा हिस्सा सूनबाईंच्या निधीखात्यातच जमा होतो, आणि त्याच्यावर कर नाही. असे निधीत ७,२०० रुपये वाढले, हातात ६,००० घटले. एकूण ताळेबंद पाहता कंपनीने ६३,६०० रुपये खर्च केले, ६२,४०० सरकारजमा झाले आणि कुटुंबाच्या मालमत्तेत १,२०० रुपयांची भर पडली, तीही निवृत्तीपर्यंत जपून ठेवण्याच्या खात्यात.

मग वाढ किती असती तर हाती काही पडले असते? सीमान्त सवलतीचा टप्पा करपात्र उत्पन्न १२,७०,५८८ रुपयांच्या आसपास संपतो. तेथे टप्प्यांप्रमाणे येणारा कर आणि बारा लाखांवरचे उत्पन्न सारखे होतात. त्यापुढे प्रत्येक शंभर रुपयांतून उपकरासह १५ रुपये ६० पैसे कर आणि, मूळ वेतन निम्मे धरल्यास, ६ रुपये निधी जातो. हाती ७८ रुपये ४० पैसे उरतात. परंतु आधी पडलेला खड्डा भरून निघाल्याखेरीज ते जाणवत नाहीत. सूनबाईंच्या बाबतीत वार्षिक वाढ सुमारे ७९,६०० रुपयांपर्यंत पोहोचली, तेव्हा कोठे त्यांचा हातात येणारा पगार वाढीपूर्वीच्या जागी येतो. वाढ दरमहा दहा हजारांची असती, तर वर्षाच्या १,२०,००० रुपयांतून ८१,१२० रुपये कर आणि ७,२०० रुपये निधी जाऊन ३१,६८० रुपये, दरमहा २,६४० रुपये, हाती आले असते. पुढील वर्षी आणखी दहा हजारांची वाढ मिळाली, तर मात्र त्यांतील ७,८४० रुपये हाती येतात. पहिला कर दरवर्षी भरावा लागतोच, पण नवी वाढ त्यात बुडत नाही. म्हणून या टप्प्यातील वाढ नाकारणे शहाणपणाचे नाही. ती मिळाल्यावर घराचा खर्च वाढवणे मात्र खचितच अविचाराचे.

हीच गत दिवाळीच्या बोनसची. सूनबाईंना पगारवाढीऐवजी २५,००० रुपये बोनस मिळाला असता, तर त्यावर निधीची कपात झाली नसती, पण कर २६,००० रुपये पडला असता. बोनस घेऊन हजार रुपये खिशातून द्यायचे! मुदतठेवीचे व्याज तर याहून फसवे, कारण ते कंपनीला ठाऊक नसते. पगारातून कर कापला जात नाही, वर्ष निर्धास्त जाते आणि जुलैत विवरणपत्र भरताना १८,००० रुपयांच्या व्याजावर १८,७२० रुपयांचा कर समोर येतो. लग्नात आलेली रक्कम सुनेच्या नावे ठेवण्याची पद्धत असलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आपण या टप्प्यात आहोत की नाही, हे ओळखणे अवघड नाही. एप्रिल ते मार्च या बारा महिन्यांचे एकूण वेतन, बोनस आणि व्याज यांची बेरीज करावी, त्यातून ७५,००० वजा करावेत. उत्तर बारा लाख ते बारा लाख सत्तर हजारांच्या मध्ये आले, की पुढील रुपया आपला नाही. वाढ वर्षाच्या मध्यात लागू झाली, तर कंपनी वर्षभराचा कर उरलेल्या महिन्यांत विभागून कापते, म्हणून वेतनचिठ्ठीवर कपात एकाएकी उगवलेली दिसते आणि लेखनिकाची चूक झाल्याचा संशय येतो. बहुधा ती चूक नसते. दुसरी तपासणी पत्राची करावी. वाढ एकूण वेतनात आहे की कंपनीच्या एकूण खर्चाच्या आकड्यात? दुसऱ्या प्रकारात कंपनीचा निधीचा हिस्साही त्याच साठ हजारांतून काढलेला असतो आणि वाढ मुळातच लहान असते.

यावर एक वैध मार्ग आहे. मालकाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत कर्मचाऱ्यासाठी भरलेली वर्गणी, मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या चौदा टक्क्यांपर्यंत, नव्या करप्रणालीतही वजा होते. सूनबाईंचे मूळ वेतन ६,३७,५०० रुपये. त्याचे चौदा टक्के ८९,२५० होतात. कंपनीने साठ हजारांची वाढ पूर्णपणे या वाटेने दिली, तर करपात्र उत्पन्न बारा लाखांवरच राहते, कर शून्य राहतो, हातातला पगार घटत नाही आणि साठ हजार रुपये सूनबाईंच्या निवृत्तिखात्यात पोहोचतात. अडचण दोनच: कंपनीने ही सोय ठेवलेली असली पाहिजे, आणि पैसा दीर्घकाळ अडकून पडतो. ज्या घरात दोन वर्षांत वास्तूची खरेदी ठरली आहे, त्यांना हे मानवेलच असे नाही. उलट ज्या पेढीवर या वेतनश्रेणीतील व्यवस्थापक आहे, त्या पेढीच्या मालकाने वाढीचे पत्र लिहिण्यापूर्वी त्याच्याशी या पर्यायाची चर्चा अवश्य करावी. पेढीलाही ही वर्गणी त्याच मर्यादेपर्यंत खर्च म्हणून वजा मिळते.

पेढीवरील बहुतेक माणसांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या ज्या पेढीस निधीचा कायदा लागू आहे, तेथे १३,००० रुपये निधीपात्र वेतन असलेल्या दिवाणजीला हजार रुपये वाढवले, तर कराचा संबंध येत नाही. निधीचे १२० रुपये जातात आणि ८८० हाती पडतात. मालकाला मात्र आपला १२० रुपयांचा हिस्सा आणि विमा-प्रशासनाचे सुमारे दहा रुपये धरून ती वाढ १,१३० रुपयांना पडते. तीच वाढ १४,५०० वरून १५,५०० अशी झाली, आणि कपात वेतनमर्यादेपुरती ठेवलेली असली, तर वर्गणी १,७४० वरून १,८०० वर थांबते. हजारातून फक्त साठ रुपये जातात, ९४० हाती येतात. पंधरा हजारांची ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. तिच्या वरच्या वेतनावर निधी कापणे पेढीच्या आणि कर्मचाऱ्याच्या संमतीवर असते. त्यामुळे १६,००० रुपयांवर असलेल्या माणसाला हजार रुपये वाढवताना, कपात मर्यादेपुरती असेल तर पूर्ण हजार त्याच्या हाती जातात. पूर्ण वेतनावर असेल तर ८८० हाती आणि, मालकाचा हिस्सा धरून, २४० त्याच्या निधीखात्यात. यांपैकी काय हवे, हे दिवाणजीलाच विचारलेले बरे. मुलीचे लग्न दोन वर्षांवर असलेला आणि निवृत्ती पाच वर्षांवर असलेला माणूस याचे एकच उत्तर देणार नाहीत.