आजोबांचे घड्याळ आणि मनगटावरचा हिरवा दिवा

स्मार्टवॉच मनगटावर बांधले, फोनला जोडले आणि पडद्यावर आकडे दिसू लागले, म्हणजे ते वापरता आले असे होत नाही. त्या आकड्यांपैकी कोणता घड्याळाने खरोखर मोजला, कोणता अंदाजाने काढला आणि कोणता साफ चुकला, हे ओळखता आले तरच वयस्क माणसाला त्याचा उपयोग होतो. साताऱ्यातल्या एका घरात पंचाहत्तरीच्या आजोबांना मुलाने घड्याळ पाठवले आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातीने एका संध्याकाळी ते शिकवले. त्या संध्याकाळचा बराचसा वेळ गेला तो नाडीचा आकडा समजून घेण्यात.

फोनशी जोडणी पाच-दहा मिनिटांत उरकली. फोनचा ब्लूटूथ चालू केला, घड्याळाचे ॲप उतरवले, पडद्यावरची खूण जुळवली. आजोबांचे वय, उंची आणि वजन नातीने त्यांना विचारूनच भरले, कारण चाललेले अंतर आणि खर्च झालेली ऊर्जा घड्याळ याच माहितीवरून काढते. अक्षरे मोठी केली, मराठी भाषा निवडली आणि फोनवर येणाऱ्या प्रत्येक संदेशाला घड्याळ थरथरत होते ते बंद केले. फोन आला आणि औषधाची वेळ झाली, एवढ्या दोनच सूचना चालू ठेवल्या.

मग पट्ट्याचा प्रश्न आला. आजोबांनी आयुष्यभर घड्याळ सैल बांधले होते, मनगटाच्या हाडावर खाली-वर सरकणारे. नातीने ते हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला घेतले आणि पट्टा एक भोक घट्ट केला. वळ उठणार नाही, पण हात हलवल्यावर घड्याळ सरकणारही नाही, इतपत. "एवढं आवळायचं कशाला?" आजोबांनी विचारले. तिने घड्याळ काढून उलटे धरले. तळाच्या काचेतून हिरवा प्रकाश लुकलुकत होता.

नाडी मोजली जाते ती याच प्रकाशाने. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगलाच शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत क्षणभर जास्त रक्त येते, जास्त प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. दिव्याशेजारचा संवेदक हा चढउतार टिपतो आणि मिनिटाला किती चढउतार झाले यावरून ठोके ठरतात. हा फरक परतणाऱ्या एकूण प्रकाशाच्या मानाने फारच लहान असतो. घड्याळ सैल असले तर बाहेरचा उजेड आत शिरतो, काच त्वचेवर सरकते, आणि तो इवलासा फरक त्या गोंधळात हरवतो. पट्टा घट्ट करण्याचे कारण एवढेच.

घड्याळावर विश्वास ठेवण्यापूर्वी ते तपासून पाहावे, असे नातीने ठरवले. आजोबा पाच मिनिटे खुर्चीत शांत बसले. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला तर्जनी आणि मधले बोट ठेवून तिने नाडी धरली. अंगठ्याने नाडी धरू नये, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके जाणवतात आणि मोजणाऱ्याचा घोटाळा होतो. अर्ध्या मिनिटात 28 ठोके भरले, म्हणजे मिनिटाला 56. घड्याळ 57 दाखवत होते. मोजणी चोख होती. नाडी मध्येच चुकणारी किंवा अनियमित असेल, तर मात्र अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नये, पूर्ण मिनिटभर मोजावे. अनियमित ठोक्यांत घड्याळाचा सरासरी आकडाही फसवा निघू शकतो.

मग आजोबा गॅलरीत फेऱ्या मारू लागले. मधल्या वेळात त्यांनी नातीच्या नकळत पट्टा पुन्हा सैल केला होता. दोन-तीन फेऱ्यांनंतर घड्याळावर 104 आकडा दिसला आणि आजोबा घाबरून थांबले. "आजोबा, थांबू नका, चालत राहा," म्हणत नातीने त्यांची पावले मोजली. पंधरा सेकंदांत 26 पावले पडली, म्हणजे मिनिटाला बरोबर 104. त्यांना थांबवून लगेच नाडी धरली तर पंधरा सेकंदांत 19 ठोके, म्हणजे मिनिटाला 76. घड्याळ ठोके म्हणून पावलेच मोजत होते.

ही चूक या यंत्रांत नेहमीची आहे. चालताना हात लयीत हलतो, सैल घड्याळ प्रत्येक पावलाला त्वचेवर हिंदकळते आणि परतणारा प्रकाश त्याच लयीत कमीजास्त होतो. हृदयाच्या ठोक्यांपेक्षा ही लय जोरदार असली की यंत्र तिलाच नाडी समजते. संशय घ्यावा तो अशा वेळी: आकडा चालण्याच्या वेगाइतकाच आहे, तो एकदम उडी मारून वर गेला आहे, आणि श्वास तर मुळीच लागलेला नाही. पट्टा घट्ट करून आजोबा पुन्हा चालले तेव्हा आकडा 78 ते 80 च्या आसपास राहिला.

हे सगळे पाहून आजींनाही घड्याळ बांधून बघावेसे वाटले. त्यांच्या डाव्या मनगटावर लहानपणी काढलेले तुळशीवृंदावनाचे गोंदण आहे. नेमके त्यावरच घड्याळ बसले आणि आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. काही वेळाने तर घड्याळ हातातच नाही असे समजून पडदा बंद झाला. गोंदणाची गडद शाई प्रकाश शोषून घेते, संवेदकाकडे परत काही येतच नाही. घड्याळ उजव्या हाताला बांधताच आकडा आला. मनगटावर गोंदण असलेल्या बायका महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी घड्याळ घेताना कोणता हात मोकळा आहे ते आधी पाहिलेले बरे. गारठ्यानेही असेच होते. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि घड्याळाला नाडी सापडत नाही. हात चोळून ऊब आणली की बहुधा सापडते.

आजोबांच्या शांत बसल्यावेळच्या 56 ठोक्यांचाही विचार करावा लागला. सर्वसाधारण प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला 60 ते 100 असते असे मानतात. आजोबा रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात. या गटातली औषधे हृदयाची गती मुद्दाम कमी ठेवतात, शिवाय झोपेत नाडी आणखी उतरते. ठोके 50 च्या खाली गेले की सूचना देण्याची सोय या घड्याळात होती. ती तशीच चालू ठेवली असती तर रात्रीबेरात्री घड्याळ थरथरले असते आणि घरभर धावपळ उडाली असती. ही मर्यादा किती ठेवायची हे नातीने ठरवायचे नव्हते. तिने ती सूचना तूर्त बंद ठेवली आणि औषधाचे नाव, बसल्यावेळचे ठोके आणि प्रश्न डॉक्टरांच्या फाईलमधल्या कागदावर लिहून ठेवला. चक्कर किंवा ग्लानी येत असेल तर मात्र घड्याळाच्या सूचनेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे, हेही आजोबांना सांगितले.

"यात शुगर दिसते का गं?" हा प्रश्न ओघाने आलाच. दिसत नाही. सुई न टोचता, केवळ मनगटावरून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला होता. तशा जाहिरातींच्या भरवशावर कोणी इन्सुलिन कमीजास्त केले, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. छातीत दुखण्याचेही तसेच आहे. काही महागडी घड्याळे हृदयाचा विद्युत आलेख काढतात, पण हृदयविकाराचा झटका आला आहे की नाही हे ती सांगू शकत नाहीत. छातीत कळ आली, घाम फुटला, तर घड्याळात डोकावण्यात वेळ न घालवता 108 ला फोन करायचा.

पावलांचा हिशेब त्या मानाने सोपा. घड्याळाच्या आत हालचालीचा वेग आणि दिशा टिपणारा संवेदक असतो आणि हाताच्या लयबद्ध झोक्यांवरून तो पावले मोजतो. म्हणून काठी टेकत किंवा कठडा धरून चालले की काही पावले गळतात, आणि भजनात टाळ वाजवले की बसल्या जागी पावले वाढतात. आजोबा दर एकादशीला भजनाला बसतात. त्या दिवसाचा आकडा फुगलेला असणार, हे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

शेवटी पडण्याची सूचना तपासली. जोराचा हिसका, लगेच आदळणे आणि नंतर काही काळ हालचाल नाही, असा क्रम दिसला की घड्याळ थरथरून विचारते. उत्तर मिळाले नाही तर ते ठरवून दिलेल्या माणसांना कळवते. खुर्चीतून हळूच घसरून खाली बसलेला माणूस त्याला पडलेला वाटत नाही. मुद्दाम पडून बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून बाजूचे बटण दाबून मदत मागण्याची सोय तेवढी पाहिली. मुलाचा, नातीचा आणि शेजाऱ्यांचा नंबर भरला, तिघांनाही आधी कल्पना दिली आणि बटण दाबले. बैठकीच्या खोलीतून संदेश लगेच गेला. मागच्या न्हाणीघरातून गेला नाही.

या घड्याळात सिमकार्ड नव्हते. ते फोनमार्फतच संदेश पाठवते आणि फोन होता बैठकीत, देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला. ब्लूटूथचा पल्ला मोकळ्या जागी साधारण दहा मीटर धरतात, मध्ये भिंती आल्या की तो बराच घटतो. इथे मध्ये दोन भिंती होत्या. म्हातारी माणसे घसरून पडतात ती बहुधा न्हाणीघरात, ओल्या फरशीवर, आणि आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवायची सवयही असतेच. नातीने फोनच्या चार्जिंगची जागा बदलून मधल्या खोलीतल्या फडताळात केली, न्हाणीघरात जाऊन बटण पुन्हा दाबले आणि तिघांचेही फोन वाजल्याची खात्री करून घेतली. घड्याळ पाण्यात चालणारे असल्याने आंघोळीलाही हातात ठेवायचे, नंतर पट्ट्याखालचा साबण धुऊन हात कोरडा करायचा आणि संध्याकाळच्या चहाला बसताना ते चार्जिंगला लावायचे, असे ठरले. रात्री लघवीला उठताना घड्याळ हातात असावे, म्हणून चार्जिंगची वेळ रात्रीची ठेवली नाही.

जाण्यापूर्वी तिने आजोबांना सगळे एकदा स्वतःच्या हाताने करायला लावले: पट्टा बांधणे, बोटांनी नाडी मोजून घड्याळाशी पडताळणे, मदतीचे बटण दाबणे आणि चुकून दाबले गेले तर संदेश जाण्याआधी तो रद्द करणे. बटण किती वेळ दाबून धरायचे ते पहिल्यांदा जमले नाही. दुसऱ्यांदा जमले, आणि शेजारचे काका फोन हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले.