आवाज बंद असतानाही समजणारा व्हिडिओ

जुलाब होत असलेल्या मुलासाठी घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, हे दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे, असं समजा. तो पाहणारी आई झोपलेल्या बाळाशेजारी असेल किंवा दवाखान्याच्या रांगेत बसलेली असेल. फोनचा आवाज बंद, आणि अंगठा स्क्रीन वर सरकवतोय. फेसबुकने २०१३ मध्ये फीडमधले व्हिडिओ आपोआप, पण आवाजाविना सुरू करायला घेतले. त्यानंतर असा प्रेक्षक अपवाद राहिला नाही. त्याच्यासाठी अक्षरं चित्रातच कायमची बसवतात. त्यांना ‘बर्न-इन कॅप्शन’ म्हणतात.

सगळ्यात आधी सुरुवात बदलावी लागते. ‘नमस्कार मंडळी’ म्हणणारा चेहरा आवाजाविना नुसते ओठ हलवताना दिसतो आणि आई पुढे निघून जाते. म्हणून पहिल्याच फ्रेमवर ‘मुलाला जुलाब? हे पाणी द्या’ एवढं लिहायचं आणि मागे पाण्याचं भांडं दाखवायचं. नाव आणि लोगो शेवटी आले तरी चालतात.

मग वेळेचा प्रश्न येतो. निवेदक म्हणतो, ‘एक लिटर स्वच्छ पिण्याचं पाणी घ्या, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून सगळं विरघळेपर्यंत ढवळा.’ हे वाक्य जसंच्या तसं पडद्यावर टाकलं, तर नजर अक्षरांत अडकते आणि चमच्याकडे लक्षच जात नाही. बीबीसीच्या उपशीर्षकांचा वेग मिनिटाला साधारण १६० ते १८० शब्द, म्हणजे शब्दाला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. तो इंग्रजीसाठी आहे. आपले शब्द प्रत्यय जोडून लांबतात, त्यामुळे थोडा जास्तच वेळ द्यावा. शिवाय इथे वाचून झाल्यावर कृतीही पाहायची आहे.

म्हणून वाक्याचे चार तुकडे करायचे: ‘१ लिटर स्वच्छ पाणी’, ‘साखर: ६ सपाट चमचे’, ‘मीठ: अर्धा सपाट चमचा’, ‘विरघळेपर्यंत ढवळा’. साखरेची ओळ वाचायला दीड सेकंद पुरतो, पण ती तीन सेकंद ठेवायची. उरलेल्या वेळात चमच्यावरची जास्तीची साखर सुरीने सपाट केलेली दिसते. शॉट बदलला की ओळही बदलायची. नव्या चित्रावर जुनीच ओळ राहिली, तर नजर ती नवी समजून पुन्हा वाचायला लागते.

या व्हिडिओत रंगांची खरी अडचण आहे. साखर पांढरी, मीठ पांढरं, भांडं चकचकीत स्टीलचं. त्यावर पांढरी अक्षरं दिसेनाशी होतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक गुणोत्तरात मोजतात: काळ्यावर पांढरं २१ ला १. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुलभता निकषांनुसार मोठ्या अक्षरांना किमान ३ ला १ आणि लहानांना ४.५ ला १ हवं. अक्षरांमागे काळी पट्टी दिली, पण ती फक्त ४० टक्के गडद ठेवली, तर शुभ्र पार्श्वभूमीवर हे गुणोत्तर ३ च्याही खाली राहतं. ७० टक्के गडद केली की ८ च्या वर जातं. फोनचा डिस्प्ले कृष्णधवल करून, उजेड कमी करून पाहिलं की फरक लगेच कळतो. लाल-निळी अक्षरं टाळावीत. व्हिडिओ दाबून लहान करताना रंगांचा तपशील उजळपणापेक्षा जास्त गमावला जातो आणि अक्षरांच्या कडा फुटतात.

देवनागरीची स्वतःची गरज आहे. अक्षरांत जास्तीचं अंतर टाकलं तर शिरोरेषा तुटते. जाड बाह्यरेषा दिली तर ‘ष्ट’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात. दोन ओळी जवळ आल्या तर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला भिडतो. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं सुटी पडतात आणि ‘लिटर’मधली वेलांटी ‘ल’नंतर येते. उभ्या व्हिडिओत खालचा सुमारे एक तृतीयांश भाग आणि उजवी कड मोकळी ठेवावी. तिथे ॲपचं वर्णन आणि बटणं येतात. प्रमाणाची ओळ त्याखाली गेली, तर व्हिडिओ व्यर्थ.

चित्रात बसवलेली अक्षरं अंध व्यक्तीचं स्क्रीन-रीडर वाचू शकत नाही, म्हणून निवेदन काढून टाकू नये. मात्र व्हॉट्सॲपवर फिरताना ही अक्षरं व्हिडिओबरोबरच जातात, आणि त्यांतली चूकही तशीच जाते. ‘अर्धा’च्या जागी ‘दीड’ पडलं, तर मुलाच्या पोटात तिप्पट मीठ जाईल आणि फिरलेल्या प्रती परत बोलावता येणार नाहीत. त्यामुळे अंतिम फाइल काढण्याआधी, व्हिडिओच्या कामात नसलेल्या एका माणसाला तो आवाज बंद करून दाखवावा आणि प्रमाण कागदावर लिहून द्यायला सांगावं. त्याने ते अचूक लिहिलं, तरच व्हिडिओ बाहेर पाठवावा.